काकू गेल्या, तर मी काय ‘झाले’?

प्रश्न : ताई, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीची आई गेल्या आठवड्यात वारली. मैत्रीण सांगलीला, मी इथे बेंगळुरूला. लगेच जाता आलं नाही म्हणून पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. ‘वाईट वाटलं’ हे तर छत्री हरवली तरी म्हणतो. ‘शोकाकुल झाले’ लिहिलं तर चौकातल्या फलकासारखं वाटतं. मग उदास, खिन्न, विषण्ण, दुःखी असे शब्द लिहून लिहून खोडले. दहावीच्या वर्षी क्लास सुटला की मी काकूंकडेच जेवायचे, त्यामुळे माझंही काहीतरी गेलं आहे. दिवाळीत सांगलीला जाऊनसुद्धा त्यांना भेटायचं राहिलं, तेही मनात आहे. कोणता शब्द लिहू?
— एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : ‘दुःख’ लिहा. ‘काकू गेल्याचं कळलं. मला फार दुःख झालं.’ एवढी दोन वाक्यं आधी कागदावर उतरवा, म्हणजे अडलेला हात सुटेल. बाकीचे शब्द तुम्ही खोडलेत ते बरोबरच केलंत. ते का बसले नाहीत, हे कळलं तर पुढच्या ओळीही तुम्हाला सुचतील.

उदास आणि खिन्न या दोन शब्दांना कारण लागत नाही. पावसाची झड लागली, दुपारी चारलाच घरात दिवे लावावे लागले, की माणूस उदास होतं. ‘काय झालं?’ असं विचारलं तर ‘काही नाही, असंच’ म्हणतं आणि ते खरंही असतं. खिन्न त्याहून थोडा जड. त्यात थकवा असतो, काहीतरी मनाविरुद्ध घडल्याची छाया असते. निकाल लागल्यावर, भांडणानंतर, एखाद्या सभेत आपलं कुणी ऐकलं नाही की माणूस खिन्न होऊन घरी येतो. पण या दोन्ही शब्दांतलं लक्ष स्वतःच्या मनाकडे असतं, गेलेल्या माणसाकडे नसतं. शंका आली की ‘जाण्याचं’ हा शब्द पुढे लावून पाहा. ‘आईच्या जाण्याचं दुःख’ म्हणता येतं, ‘आईच्या जाण्याचा शोक’ म्हणता येतं. ‘आईच्या जाण्याची उदासी’ किंवा ‘आईच्या जाण्याची खिन्नता’ म्हणून पाहा, जीभच अडखळते. जो शब्द गेलेल्या माणसाला स्वतःशी जोडून घेत नाही, तो मृत्यूच्या बातमीच्या उत्तरात लिहू नये. मैत्रिणीला वाटेल, आई गेल्याचं हिला कळवलं आणि हिने आपल्या मनाची हवा कळवली.

उदास या शब्दाचा तर जुना अर्थही वेगळा आहे. ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे । उदास विचारे वेच करी’ असं तुकोबा म्हणतात, तेव्हा रडवेल्या तोंडाने पैसे खर्च करा असं ते सांगत नाहीत. तिथे उदास म्हणजे अलिप्त, आसक्ती नसलेला. आज आपण हा शब्द दुःखाच्या अंगाने वापरतो, पण जगापासून बाजूला जाऊन बसण्याची ती छटा त्यात अजून आहे. उदास माणूस कोपऱ्यात बसतो. तुम्ही तर पत्र लिहून कुणाच्या तरी जवळ जाऊ पाहताय.

विषण्ण हा मला फार आवडणारा शब्द, पण त्याची जागा वेगळी आहे. विषाद आणि विषण्ण हे दोन्ही सद् या धातूपासून आले, आणि त्या धातूत खाली बसण्याचा, खचण्याचा अर्थ आहे. गीतेचा पहिला अध्याय ‘अर्जुनविषादयोग’ म्हणून ओळखला जातो. तिथे अर्जुन ‘सीदन्ति मम गात्राणि’ म्हणतो, माझी गात्रं गळून चालली आहेत, आणि त्याच्या हातून गांडीव सुटू लागतं. तिथलाही धातू हाच. लक्षात घ्या, त्या क्षणी युद्ध सुरूही झालेलं नाही, भीष्म-द्रोण समोर उभे आहेत. जे करायला आलो ते करण्यात काही अर्थ उरला नाही असं वाटून बळ जाणं, हा विषाद. म्हणून गारपिटीने द्राक्षाचे घड मातीत पडलेले पाहून बांधावर बसलेला शेतकरी विषण्ण असतो. आयुष्यभर चालवलेलं वाचनालय बंद करताना कपाटांना कुलपं घालणारे ग्रंथपाल विषण्ण असतात. कष्ट, विश्वास, उमेद गेली की हा शब्द चपखल बसतो. काकूंच्या जाण्याने तुमची उमेद गेलेली नाही. तुमचं माणूस गेलं आहे.

आता शोक. तुम्हाला तो फलकासारखा वाटला. फलकाने तो झिजवला हे खरं, पण तो वापरायला तुम्ही बिचकलात त्याचं खरं कारण असं की तो शब्द तुमच्या मालकीचा नाही, हे तुम्हाला आतून माहीत होतं. निधनाच्या बातमीखाली ‘शोकाकुल’ लिहून कुणाची नावं असतात ते आठवा : मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडं. शेजारी तिथे नसतात. शोक घरच्यांचा असतो. आपल्या भाषेत दुःख ‘होतं’, वाईट ‘वाटतं’, रुखरुख ‘लागते’, पण शोक ‘करतात’. तो करण्याचे दिवस असतात, त्याला बसायची जागा असते, भेटायला माणसं येतात, दहावा-तेरावा होतो. बाहेरच्याने तो शब्द स्वतःसाठी घेतला की घरच्यांच्या ओळीत जाऊन बसल्यासारखं होतं.

शोकाबद्दल एक गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते, ती भरताच्या नाट्यशास्त्रातली. भरताने मनाच्या भावांचे गट केले. त्यातले 8 स्थायीभाव, म्हणजे मुक्काम करणारे, आणि 33 व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन-जाऊन असणारे. शोक स्थायीभावांत आहे, करुण रस त्याच्यावर उभा राहतो. विषाद मात्र त्या 33 मध्ये आहे. म्हणजे ज्याच्या घरात शोक आहे त्याला मधूनच विषाद येईल, मधूनच चिंता, कधी दैन्य, आणि ती येऊन जातील. शोक तिथेच राहील. पुढे भरत आणखी बारीक फरक करतो. प्रियकर दूर गेला आहे त्या विरहातही रडणं आहे, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, आणि करुणातही नेमकं हेच आहे. मग दोन्हींत वेगळं काय? विरह ‘सापेक्ष’ आहे, त्यात भेटीची अपेक्षा शिल्लक आहे. करुण ‘निरपेक्ष’ आहे, आता अपेक्षाच संपली. डोळ्यांतलं पाणी सारखंच असलं तरी परत येण्याची वाट उघडी आहे की बंद, यावर शब्द बदलतो.

आपल्या रोजच्या मराठीतही हे जसंच्या तसं आहे. मुलगी शिकायला परदेशी गेली की आईला हुरहुर लागते. संध्याकाळी, कातरवेळी ती वाढते, फोन आला की ओसरते. बदली झालेल्या शेजाऱ्यांच्या बंद दाराकडे पाहून हुरहुर लागते. यात जाणारं माणूस जगात कुठेतरी आहे. म्हणून निधनाच्या पत्रात ‘हुरहुर लागली’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला कुठेतरी खटकतं, कारण त्या शब्दात वाट पाहणं आहे.

अनोळखी किंवा लांबच्या माणसांसाठी आपल्याकडे हळहळ आहे. एस.टी.चा अपघात झाला, तरुण मुलगा गेला, की वर्तमानपत्रात ‘पंचक्रोशीत हळहळ व्यक्त होत आहे’ असं छापून येतं. तो शब्द खरा आहे, त्यात माया आहे, पण तो पाहणाऱ्याचा आहे. आई आपल्या मुलासाठी हळहळत नाही. तुम्ही काकूंच्या घरचं जेवला आहात, तुम्ही नुसत्या पाहणाऱ्या नाही. म्हणजे शोक तुमच्या नात्यापेक्षा जड, हळहळ हलकी, आणि मधे उरतं ते दुःख. तुमची जागाही तिथेच आहे.

फक्त ते लिहायचं कसं, याकडे लक्ष द्या. ‘मी दुःखी झाले’ लिहू नका. त्यात आधी ‘मी’ येते आणि सगळी नजर तुमच्यावर जाते. ‘मला दुःख झालं’ हे आपलं वळण. ‘वाईट वाटलं’बद्दलही तुमचा संशय रास्त आहे. पण समाचाराला गेलेल्या जाणत्या बायका काय म्हणतात ते ऐका. त्या ‘वाईट वाटलं’ म्हणत नाहीत. ‘फार वाईट झालं गं’ म्हणतात. वाटलं म्हटलं की आपल्यापुरतं, झालं म्हटलं की जे घडलं त्याच्याबद्दल. समोरासमोर, हात हातात घेऊन, हे तीन शब्द पुरतात. कागदावर मात्र हात नसतो, म्हणून तिथे थोडं अधिक लिहावं लागतं.

‘तीव्र दुःख’, ‘अतीव दुःख’, ‘मनस्वी दुःख’ ही विशेषणं ठरावांत राहू देत. सोसायटीच्या सभेत सचिवांनी दुखवट्याचा ठराव वाचला तर ती शोभतात, कारण तिथे पंचवीस-तीस वेगवेगळ्या माणसांचं मिळून एक वाक्य करायचं असतं. मैत्रिणीच्या पत्रात दुःखाचं वजन विशेषणाने वाढत नाही, ते आठवणीने वाढतं. दहावीच्या वर्षीचं जेवण ही तुमच्याकडची सगळ्यात जड गोष्ट आहे. ती मला सांगितलीत, तशीच तिला सांगा. ताटात काय असायचं, काकू काय म्हणायच्या, आठवत असेल तितकंच, एक-दोन ओळी.

आता दिवाळीतली राहिलेली भेट. त्याला उदास-खिन्न लागत नाही, त्याच्यासाठी मराठीत वेगळं घराणंच आहे : चुटपुट, रुखरुख, खंत, सल. हे शब्द गेलेल्या माणसाला जोडत नाहीत, न झालेल्या गोष्टीला जोडतात. ‘काकूंची रुखरुख’ म्हणत नाहीत, ‘भेट राहिल्याची रुखरुख’ म्हणतात. चुटपुट सर्वात हलकी, गाडी सुटल्यावर निरोप नीट घेतला नाही म्हणून लागते आणि दोन दिवसांत जाते. रुखरुख मधूनमधून परत येते. खंत म्हणजे ती मुरली, आता माणूस ती चारचौघांत शांतपणे सांगू शकतं. सल सर्वात खोल. शल्य म्हणजे रुतून राहिलेलं टोक, त्यातून आलेला हा शब्द. बोलणं तुटलं होतं आणि तोवर माणूस गेलं, असं असेल तर सल. तुमचं काकूंशी काही बिनसलं नव्हतं, फक्त जायचं राहिलं. तेव्हा रुखरुख. आणि ती एकाच वाक्यात लिहा. दोन-तीन वाक्यं झाली की मैत्रीण तिकडून लिहील, ‘अगं, तू वाईट वाटून घेऊ नकोस, आईने कधीच मनात धरलं नसतं’, आणि आई जिची गेली तिच्यावरच तुमची समजूत काढायची वेळ येईल.

‘भावपूर्ण श्रद्धांजली’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहून होता होता शेवटी ते शब्द हातून उतरतातच. श्रद्धांजली गेलेल्याला वाहतात. पत्र मैत्रिणीला आहे. शोकसभेत, फोटोपुढे ती योग्यच, पण जिवंत मैत्रिणीच्या हातात पडणाऱ्या कागदावर तिच्याशी बोललेलं बरं. ‘तुझ्या दुःखात सहभागी आहे’ हेही ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला चालेल. शाळेपासूनच्या मैत्रिणीला ते परकं वाटेल.

हे सगळं एकत्र केलं तर साधारण असं पत्र होईल. ताटातले पदार्थ मी आपले अंदाजाने घातले आहेत, तिथे तुमची खरी आठवण घाला.

‘प्रिय ———,
काकू गेल्याचं कळलं. मला फार दुःख झालं. दहावीच्या वर्षी क्लास सुटला की मी तुमच्याकडेच यायचे. काकूंनी मला ‘जेवणार का?’ असं कधी विचारलं नाही, हात धुऊन येईपर्यंत भात-आमटी वाढलेली असायची. घरी आईला मी सांगायचे की काकूंची आमटी तुझ्यापेक्षा चांगली असते, आणि ती रागवायची. दिवाळीत सांगलीला येऊनही भेटायचं राहिलं, त्याची रुखरुख आहे. तुझ्यावर काय ओढवलं असेल ते मला इथे बसून कळणार नाही. अमुक तारखेला मी सांगलीला येणार आहे, थेट तुझ्याकडेच येईन. या पत्राला उत्तर लिहायला हवं असं नाही.’

यात दुःख एकदा आलं, रुखरुख एकदा. शोक हा शब्द कुठेच नाही. ‘तुझ्यावर काय ओढवलं असेल’ एवढ्यावर तो तिच्यासाठी मोकळा ठेवला आहे. तिला रडू आलं, बोलावंसं वाटलं, गप्प बसावंसं वाटलं, तर ती तिच्या शब्दांत सांगेल. ‘तू खचून गेली असशील’, ‘तुझ्यावर दुःखाचा डोंगर कोसळला’ अशी वाक्यं आपण तिच्या वतीने लिहिली की तिची अवस्था आपणच ठरवून टाकतो. काही जणींना पहिल्या आठवड्यात काहीच वाटत नाही. पाहुण्यांचा चहा, भटजींची यादी, दाखल्यासाठी नगरपालिकेत हेलपाटे, यात त्या नुसत्या सुन्न असतात आणि कुणी डोंगर म्हटलं की आपल्याला डोंगर का वाटत नाही, म्हणून स्वतःलाच बोल लावतात. मला वाटतं, पत्रातली ही चूक हलका शब्द वापरण्यापेक्षा मोठी आहे. हलका शब्द ती विसरून जाईल.

उलट बाजूनेही एक सांगते, कारण पुढे कधीतरी लागेल. छोट्या गोष्टीला जड शब्द लावला की जड शब्दाची धार जाते. शेजारच्या पोराची सायकल चोरीला गेली तर ते खट्टू झालेलं असतं, हिरमुसलेलं असतं, आणि त्याच्या वयाला तेच पुरेसं आहे. सहकाऱ्याची बढती हुकली तर तो खिन्न आहे. कार्यक्रम रद्द झाला तर आयोजकांना खेद आहे, दिलगिरी आहे. मात्र कुणाचा बारा वर्षं सांभाळलेला कुत्रा गेला आणि ते ‘दुःख’ म्हणाले, तर ते जास्त झालं असं मनातसुद्धा म्हणू नका. बारा वर्षं दारात शेपूट हलवत उभं राहणारं कुणीतरी परत येणार नाही. भरताच्या हिशोबानेही ते निरपेक्षच.

तुम्ही खोडलेल्या शब्दांतला ‘उदास’ मात्र जपून ठेवा, त्याची वेळ यायची आहे. पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. माणसं पांगतात, मग महिने जातात, आणि सणवार येतात. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला घरी फराळ करत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी डबे आणून देतात. तेव्हा दुःखाचं कारण रोज समोर उभं नसतं, पण सगळ्यावर सावट असतं. कशामुळे, हे बोट ठेवून सांगता येत नाही. तिथे उदास हा शब्द बरोबर बसतो. तेव्हा तिला दुसरं पत्र लिहा, किंवा फोन करा, आणि विचारा, ‘या दिवसांत उदास वाटत असेल ना?’ तिचं ‘हो’ आलं तर कारण विचारू नका. आणि ती महिनोन्‌महिने नीट जेवत-झोपत नाही, कुणाशी बोलत नाही, ‘मी तरी कशाला राहिले’ असं म्हणते, असं तुम्हाला दिसलं, तर ते उदास राहिलेलं नाही. तिच्या घरच्यांशी बोला, आणि डॉक्टरांकडे जाताना शक्य असेल तर तुम्हीच तिच्याबरोबर जा.

तोवर हे पत्र हाताने लिहा, आणि तेराव्याच्या आत तिच्या हाती पडेल अशा बेताने कुरिअरने पाठवा. सांगलीला गेलात की तिच्या घरातून निघताना नेहमीच्या सवयीने ‘येते हं’ म्हणू नका. अनेक घरांत समाचाराला गेल्यावर तसं म्हणत नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवून उठलात तरी चालतं.